३२ पेपर, बारा मिनिटं: पाचवीच्या गणितासाठी गोलांची उत्तरपत्रिका आणि गुणतक्ता

शनिवारी सकाळची शाळा. साडेदहाला वीस प्रश्नांची गणिताची चाचणी संपते आणि साडेअकराला शाळा सुटते. पूर्वी तो ३२ पेपरांचा गठ्ठा पिशवीतून घरी जायचा, सोमवारी तसाच परत यायचा आणि मंगळवारी कधीतरी तपासून व्हायचा. तोवर आपण काय सोडवलं होतं हे मुलंही विसरलेली असायची. आता शाळा सुटायच्या आत गुण फळ्यावर लागतात. केंद्रातल्या दोघी-तिघींनी मागितली म्हणून ही सगळी रचना मापांसकट इथे देते.

शिष्यवृत्ती परीक्षेत गणिताचे ५० प्रश्न १०० गुणांना असतात आणि उत्तरं गोल रंगवूनच द्यायची असतात. त्यामुळे मुलांच्या हाताला ही सवय लागायलाच हवी. पण तिथे मशीन तपासतं, इथे मी. म्हणून कागदाची आखणी मशीनसाठी नको, माझ्या डोळ्यांसाठी आणि हातातल्या भोकं पाडायच्या पंचसाठी हवी. पहिल्या वर्षी मी जालावरची एक तयार उत्तरपत्रिका छापून घेतली होती. बारीक गोल, एका ओळीत चार स्तंभ. मुलांचे गोल ओळ चुकायचे आणि माझी नजरही.

उत्तरपत्रिका

ए-फोर कागद आडवा कापून दोन पत्रिका होतात, म्हणजे ३२ मुलांना १६ झेरॉक्स पुरतात. वीस प्रश्न दहा-दहाच्या दोन स्तंभांत. गोलाचा व्यास ५ मिलिमीटर. शेजारच्या दोन गोलांच्या मध्यबिंदूंत १० मिलिमीटर आणि खालच्या-वरच्या ओळींत ९ मिलिमीटर अंतर. दर पाच प्रश्नांनंतर एक जाड रेघ. प्रत्येक स्तंभाच्या डोक्यावर एक काळी आडवी पट्टी आणि डाव्या कडेला काळा चौकोन. हे दोन्ही पुढे तपासताना लागतात, शोभेसाठी नाहीत.

```
गणित चाचणी ४        इयत्ता ५ वी        हजेरी क्र. [    ]

■━━━━━━━━━━━━━━━━━━━━    ■━━━━━━━━━━━━━━━━━━━━
 १   (१) (२) (३) (४)      ११  (१) (२) (३) (४)
 २   (१) (२) (३) (४)      १२  (१) (२) (३) (४)
 ३   (१) (२) (३) (४)      १३  (१) (२) (३) (४)
 ४   (१) (२) (३) (४)      १४  (१) (२) (३) (४)
 ५   (१) (२) (३) (४)      १५  (१) (२) (३) (४)
━━━━━━━━━━━━━━━ अ [  ]    ━━━━━━━━━━━━━━━ क [  ]
 ६   (१) (२) (३) (४)      १६  (१) (२) (३) (४)
 ७   (१) (२) (३) (४)      १७  (१) (२) (३) (४)
 ८   (१) (२) (३) (४)      १८  (१) (२) (३) (४)
 ९   (१) (२) (३) (४)      १९  (१) (२) (३) (४)
१०   (१) (२) (३) (४)      २०  (१) (२) (३) (४)
━━━━━━━━━━━━━━━ ब [  ]    ━━━━━━━━━━━━━━━ ड [  ]
                                      एकूण [   ]
```

मुलांसाठीची सूचना पत्रिकेच्या वर छापलेली आहे: «आधी वहीत गणित करा. उत्तर मिळाल्यावरच गोल रंगवा. एका प्रश्नाला एकच गोल. पूर्ण काळा करा; टिकमार्क, फुली, ठिपका चालणार नाही. येत नसेल तर ओळ मोकळी सोडा.» दिवाळीपर्यंत पेन्सिल, दिवाळीनंतर बॉलपेन. पेनाने रंगवलेलं खोडता येत नाही, हे परीक्षेच्या दिवशी कळण्यापेक्षा वर्गात कळलेलं बरं.

नाव लिहायची जागा मुद्दाम ठेवलेली नाही, हजेरी क्रमांक पुरतो. शेजाऱ्याच्या हातात पेपर गेला तरी कुणाचा आहे ते चटकन कळत नाही.

तपासायची पट्टी

सगळा वेळ वाचतो तो इथे. उत्तरसूची शेजारी ठेवून एकेक ओळ जुळवत गेलं तर एका पेपरला दीड मिनिट सहज जातं. त्याऐवजी बरोबर उत्तरांच्या जागी भोकं पाडलेली पट्टी पेपरवर ठेवायची आणि भोकांतून दिसणारे काळे गोल मोजायचे.

अडचण पंचची आहे. एक भोक पाडणारा साधा पंच कागदाच्या कडेपासून दोन-अडीच सेंटीमीटरच आत पोचतो. अख्ख्या पत्रिकेच्या आकाराचा पुठ्ठा घेतला तर मधल्या गोलांपर्यंत तो जातच नाही. मी ब्लेडने कापायला गेले आणि बोट कापून घेतलं. नंतर सुचलं की पुठ्ठ्याऐवजी ४५ मिलिमीटर रुंद आणि १०० मिलिमीटर लांब अशा दोन वेगळ्या पट्ट्या कराव्यात, प्रत्येक स्तंभाला एक. चार गोलांच्या मध्यबिंदूंत मिळून ३० मिलिमीटर जातात, दोन्ही बाजूंना साडेसात-साडेसात उरतात. मग कुठलाही गोल जवळच्या कडेपासून १७.५ मिलिमीटरपेक्षा दूर राहत नाही. पंच डावीकडून किंवा उजवीकडून आरामात पोचतो.

पट्टीसाठी लग्नपत्रिकेचा जाड कागद उत्तम. मे महिन्यात साठवून ठेवते. पंचचं भोक साधारण ६ मिलिमीटरचं असतं, म्हणजे ५ मिलिमीटरच्या गोलाभोवती थोडी पांढरी कड दिसते आणि मुलाने गोल अर्धाच रंगवला असेल तर तेही लक्षात येतं.

एक गोष्ट मी दोनदा चुकले. पट्टी संगणकावरच्या मूळ आखणीवरून कापू नका, वाटायच्या झेरॉक्समधलीच एक प्रत घ्या. छापताना `Fit to page` राहिलं की सगळं थोडं आकसतं, `Actual size` ठेवलं तरी झेरॉक्स मशीन आपली करामत दाखवतं. वरच्या पाच ओळी जुळतात आणि दहाव्या ओळीला भोकात निम्मा गोल दिसतो. त्याच गठ्ठ्यातली प्रत पट्टीवर चिकटवून भोकं पाडली की प्रश्नच मिटला.

चाचणी ४ ची उत्तरसूची:

```
१–१०  :  ३ १ ४ २ २   ४ १ ३ २ १
११–२० :  ४ ३ १ ३ २   ४ १ २ ४ ३
```

प्रत्येक पर्याय बरोबर पाच वेळा आला आहे. पूर्वी माझी बरोबर उत्तरं नकळत (२) आणि (३) वर जास्त यायची, आणि मागच्या बाकावरच्या एकाने ते ओळखलं होतं. त्याने वीसही गोल (३) चे रंगवून आठ गुण मिळवले. आता सगळे एकाच आकड्याचे रंगवले तर पाचच मिळतील.

तपासणीचा क्रम

गठ्ठा हातात आला की पट्टी लगेच लावायची नाही. आधी प्रत्येक पेपरवर फक्त एक नजर फिरवायची, आणि एका ओळीत दोन गोल रंगवलेले दिसले की त्या ओळीवर लाल पेनाने आडवी रेघ मारायची. हे आधीच करावं लागतं, कारण भोकातून फक्त बरोबर जागा दिसते. चारही गोल काळे करणाऱ्याला पट्टी पैकीच्या पैकी देईल.

मग डावी पट्टी. तिची वरची कड काळ्या पट्टीला आणि डावी कड काळ्या चौकोनाला भिडवायची. जाड रेघेपर्यंतचे काळे गोल मोजून «अ» मध्ये, खालचे «ब» मध्ये. सगळ्या ३२ पेपरांची डावी बाजू एकदम संपवायची, नंतर उजवी पट्टी घेऊन गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून. दर पेपरला पट्टी बदलत बसलं तर निम्मा वेळ उचलण्या-ठेवण्यातच जातो. पाचच गोल मोजायचे असल्यामुळे बोट ठेवून मोजावं लागत नाही, डोळ्यालाच कळतं.

गुणतक्ता हजेरीच्या क्रमाने. त्यातल्या चार ओळी नमुन्यासाठी:

```
हजेरी | अ: बेरीज- | ब: गुणाकार- | क: अपूर्णांक- | ड: मापन | एकूण
      |   वजाबाकी |   भागाकार   |   दशांश      |         |
  ७   |    ५     |     ४      |     २       |    ३    |  १४
  ८   |    ३     |     ३      |     १       |    ४    |  ११
  ९   |    ५     |     ५      |     ४       |    ५    |  १९
 १०   |    ४     |     २      |     १       |    २    |   ९
```

वीसपैकी १४ एवढंच लिहिलं असतं तर सात क्रमांकाच्या मुलीला वजाबाकी छान येते आणि अपूर्णांक अडतो, हे कळलंच नसतं. पाच-पाचचे गट केले ते यासाठी. शंभरपैकी गुण हवे असतील तर पाचने गुणा.

पर्याय कसे निवडले

चुकीचे पर्याय उगीच जवळचे आकडे म्हणून टाकले तर गोल रंगवण्यातून काहीच समजत नाही. प्रत्येक चुकीचा पर्याय एखाद्या खऱ्या चुकीतून यावा. प्रश्न ४ पाहा:

४०३ − १७८ = ?
(१) ३७५  (२) २२५  (३) २३५  (४) ३२५

(१) लिहिणारा प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक वजा करतो: ८ मधून ३, ७ मधून ०, ४ मधून १. (३) वाल्याने शतकाकडून हातचा घेऊन दशकात १० केले, पण त्यातला एक एककाला दिल्यावर तिथे ९ उरतात हे विसरला. (४) वाल्याचं दशक-एकक ठीक, पण शतकातून एक गेल्याचं ध्यानात राहिलं नाही. चुका तीन, आणि तिघांना समजावायची तऱ्हाही तीन.

प्रश्न १२: १/४ + २/३ = ?
(१) ३/७  (२) ३/१२  (३) ११/१२  (४) २/१२
इथे (१) म्हणजे अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला. (२) म्हणजे छेद समान केला, पण अंश जसेच्या तसे राहिले. (४) म्हणजे बेरजेच्या जागी गुणाकार.

प्रश्न १८: एसटी ९:४५ ला निघून ११:२० ला पोचली. किती वेळ लागला?
(१) १ तास ७५ मि.  (२) १ तास ३५ मि.  (३) २ तास ३५ मि.  (४) २ तास २५ मि.
पहिला पर्याय माझा लाडका. ११.२० मधून ९.४५ वजा केले, तास म्हणजे १०० मिनिटं धरून. दशांशाचा पाठ नुकताच झाला असेल तर हा गोल हमखास रंगतो.

कोणत्या प्रश्नाला किती जणांनी कुठला पर्याय घेतला, हे दर चाचणीला मी पाहत नाही. महिन्यातून एकदा, फोनवर किंवा कार्यालयातल्या संगणकावर एक्सेलमध्ये. प्रत्येक मुलाची वीस उत्तरं C स्तंभात सलग टाइप करायची: मोकळ्या ओळीला 0, दोन गोल असतील तर 9. C स्तंभ आधी `Text` करून ठेवा, नाहीतर वीस आकडी संख्या समजून पंधरा अंकांनंतर शून्यं भरली जातात (माझी अख्खी एक चाचणी अशी गेली). आकडे इंग्रजीच टाइप करा. मग प्रश्न ४ ला (१) किती जणांनी घेतला ते असं:

```
=SUMPRODUCT(--(MID($C$2:$C$33,4,1)="1"))
```

4 च्या जागी प्रश्नाचा क्रमांक, "1" च्या जागी पर्याय.

या वेळी प्रश्न ४ चा हिशोब असा निघाला: (१) ९, (२) १४, (३) ६, (४) ३. अर्ध्याहून जास्त वर्गाची वजाबाकी अडली होती, पण सगळ्यांची एकाच जागी नाही. सोमवारी पहिल्या तासाला (१) वाल्या नऊ जणांना शंभराच्या, दहाच्या आणि एक रुपयाच्या खोट्या नोटा दिल्या आणि ४०३ रुपयांतून १७८ द्यायला सांगितले. दहाची नोटच नाही म्हटल्यावर शंभराची मोडावी लागली. (३) आणि (४) वाले नऊ जण फळ्याजवळ हातचे मांडत बसले. उरलेल्या १४ जणांनी तोवर चाचणी ५ साठी एकेक प्रश्न तयार केला, चार पर्यायांसकट. त्यातले दोन मी घेतलेही.