प्रभूची प्रार्थना, ओळीओळीने
(रविवारच्या उपासनेनंतरचा वर्ग, इंदूर)

मत्तयाचा सहावा अध्याय काढा, वचने 9 ते 13. नव्यांनी जुन्यांच्या शेजारी बसा. ज्यांना पाठ आहे त्यांनीही पुस्तकातच बघायचं. तुम्ही आमेनला पोचता तेव्हा नवी मंडळी अजून भाकरीपाशीच असतात.

"हे आमच्या स्वर्गातील पित्या": कुणाचा बाप दारू पिऊन मारणारा होता, त्याला ही हाक जड जाते. जाऊ दे. लूक 15 मधला, धाकट्याला लांबून पाहून धावत सुटलेला बाप डोळ्यांपुढे आणा.

"तुझे नाव पवित्र मानले जावो. तुझे राज्य येवो": गळ्यात क्रूस आणि दुकानात मापात पाप, असं असेल तर नाव कुणाचं खराब होतं?

"तुझ्या इच्छेप्रमाणे होवो": गेथशेमानेत येशूने स्वतः हेच म्हटलं, तेही घाम गाळत. सोपं असेल असं कुणी सांगितलेलं नाही.

"आमची रोजची भाकर आज आम्हांला दे": निर्गम 16 मध्ये मान्ना रोजच्या रोज गोळा करायचा होता, सकाळपर्यंत ठेवला त्याच्यात किडे पडले. 'मग एफडी मोडायची का?' असं कुणीतरी विचारणारच. नका मोडू. शब्बाथासाठी आदल्या दिवशीचा मान्ना टिकलाच की. पण मागणं 'आम्हांला' असं आहे. भंवरकुआँला क्लाससाठी आलेली दोन मुलं मेसच्या एकाच डब्यात जेवतात, त्यांची भाकरही यातच आली.

"जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे": इथे थांबू. अख्ख्या प्रार्थनेत आपण काय केलं हे फक्त इथेच सांगतो, आणि प्रार्थना संपताच 14 आणि 15 व्या वचनात येशू परत याच ओळीवर येतो. मत्तय 18 मधल्या चाकराला दहा हजार तालान्त सुटले, आणि शंभर दिनारांसाठी त्याने सोबत्याचा गळा धरला. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. शंभर दिनार काही किरकोळ नव्हेत. आपला भाऊ घराच्या वाटणीत फसवून गेला, तेही किरकोळ नसतं. क्षमा म्हणजे नुकसान झालंच नाही असं म्हणणं नव्हे, आणि मारणाऱ्याच्या घरी परत जाणंही नव्हे. वसुली देवाकडे सोपवायची. जुन्या मंडळींनो, हे नव्यांना शिकवण्याआधी आपली उधारीची वही एकदा चाळा.

"आम्हांला परीक्षेत आणू नकोस": देव कोणाला मोहात पाडत नाही, याकोब 1:13. आपण आपली ताकद ओळखून आधीच हात जोडतो, एवढंच.

"राज्य, सामर्थ्य व गौरव": हे कंसात का? लूक 11 मध्ये ते नाही, मत्तयाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांतही नाही. तरी मंडळी शतकानुशतके म्हणत आली. दाविदाची 1 इतिहास 29:11 मधली स्तुती अशीच आहे. म्हणा, बिनधास्त.

आता दोघादोघांनी मिळून म्हणा. ऋणाच्या ओळीपाशी गप्प राहून मनात एक नाव घ्या. जोडीदाराला ते सांगायचं नाही. नाव घेऊन झालं की त्याच्या हाताला हात लावा, मग दोघांनी पुढची ओळ म्हणा.