तुलना-कार्डे: समाजशास्त्रज्ञ दरखाईम, वेबर, श्रीनिवास

दरखाईम (1897)
आत्महत्येचा दर सामाजिक एकात्मतेवर अवलंबून.
उदा. कॅथलिकांपेक्षा प्रोटेस्टंटांत दर जास्त.
टीका: सरकारी नोंदींवर भिस्त. कॅथलिक घरांत आत्महत्या ‘अपघात’ म्हणून नोंदली गेली, तर फरक नोंदीतलाच ठरतो.

वेबर (1904-05)
प्रोटेस्टंट धर्मनीती भांडवलशाहीला पोषक.
उदा. कॅल्विनपंथी नफा उधळत नाही, पुन्हा धंद्यात घालतो.
टीका: फ्लॉरेन्सच्या पेढ्या धर्मसुधारणेआधीच्या, म्हणजे प्रोटेस्टंट पंथाआधीही भांडवली व्यवहार होते.

श्रीनिवास (1952)
संस्कृतीकरण: वरच्या जातीच्या चालीरीती उचलून दर्जा वाढवणे. (संस्कृत शिकणे नव्हे! पेपरात हमखास चुकतं.)
उदा. मद्य-मांस सोडणे, जानवे घालणे.
टीका: पायरी बदलते, जिना तोच, हे स्थानबदल आहे, रचनाबदल नाही, असं श्रीनिवासही मानतात. शिवाय 1956ची नागपूरची धम्मदीक्षा या चौकटीत बसत नाही: तिथे जिनाच नाकारला.