जाहीर सूचना : सन २०२५-२६ ची घरपट्टी व पाणीपट्टी भरण्याबाबत

ग्रामपंचायत कार्यालय, पिंपळखेडा
तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ
दिनांक : २१ जुलै २०२५

विषय : मालमत्ता कराचा भरणा, ३० सप्टेंबरपर्यंतची ५ टक्के सूट आणि ३१ मार्चनंतरची ५ टक्के शास्ती

पिंपळखेडा येथील सर्व मालमत्ताधारक, भोगवटादार, दुकानदार आणि नोकरी-धंद्यानिमित्त बाहेरगावी राहणारे घरमालक यांना या सूचनेद्वारे कळविण्यात येते की, महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १२४ अन्वये आकारलेल्या घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर आणि पाणीपट्टी यांची सन २०२५-२६ ची मागणी बिले (नमुना ९ क) ग्रामपंचायत शिपायामार्फत घरोघरी देण्याचे काम सुरू आहे. ज्यांना ३१ जुलैपर्यंत बिल मिळणार नाही त्यांनी कार्यालयात येऊन आपल्या मालमत्ता क्रमांकाप्रमाणे बिलाची प्रत घ्यावी. घर बंद असल्यास बिल दाराला लावून शेजाऱ्यांसमक्ष तशी नोंद घेतली जाईल.

गावात एकूण ४३८ मालमत्तांची नोंद असून त्यांपैकी १७१ मालमत्तांवर मागील वर्षांची थकबाकी आहे. याचा परिणाम काय होतो, ते गावाने मागच्या मे महिन्यात पाहिले आहे. सार्वजनिक विहिरीवरील मोटार जळाली, त्या वेळी स्वनिधीच्या खात्यात वाइंडिंग आणि नवीन केबल या दोन्हींचा खर्च भागेल एवढी रक्कम नव्हती, आणि ती गोळा होईपर्यंत वॉर्ड क्रमांक ३ मधील कुटुंबांना बैलबंडीवर ड्रम ठेवून शेतातल्या विहिरींवरून पाणी आणावे लागले. त्या रांगेत कर वेळेवर भरणारी घरेही होती, याची ग्रामपंचायतीला मनापासून खंत आहे.

वित्त आयोगाचा निधी येतो, मग घरपट्टी कशाला, असा प्रश्न ग्रामसभेत विचारला जातो, त्याचे उत्तर येथे स्पष्ट देणे आवश्यक वाटते. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीपैकी ६० टक्के भाग पाणी व स्वच्छता यांच्याशी बांधलेला असतो आणि उरलेला अबंधित भागही ग्रामपंचायत विकास आराखड्यात मंजूर असलेल्या कामांवरच खर्च करता येतो. नळयोजनेच्या मोटारीचे वीजबिल, रस्त्यावरील दिवे बदलणे, नाल्यांचा उपसा, ब्लिचिंग पावडर, व्हॉल्व्हची किरकोळ दुरुस्ती आणि पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचे वेतन असे रोजचे खर्च प्रामुख्याने करातून येणाऱ्या स्वनिधीवर चालतात. याच स्वनिधीतून शासन नियमाप्रमाणे १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावी लागते. वसुली घटली की अंगणवाडीचे साहित्य आणि दिव्यांग बांधवांचे साहाय्य हेही त्याच प्रमाणात घटते.

सूट व मुदत

जे मालमत्ताधारक चालू वर्षाची संपूर्ण मागणी मंगळवार, दिनांक ३० सप्टेंबर २०२५ रोजी सायंकाळी ५ वाजेपर्यंत भरतील त्यांना घरपट्टीच्या चालू मागणीवर ५ टक्के सूट देण्यात येईल. उदाहरणार्थ, ज्यांची घरपट्टी १,२०० रुपये आहे त्यांना ६० रुपये सूट मिळून १,१४० रुपये भरावे लागतील. १ ऑक्टोबर २०२५ ते ३१ मार्च २०२६ या काळात सूट मिळणार नाही, मात्र जादा रक्कमही लागणार नाही, म्हणजेच १,२०० रुपयेच भरावे लागतील. १ एप्रिल २०२६ पासून शिल्लक रकमेवर ५ टक्के शास्ती लागून तीच घरपट्टी १,२६० रुपये होईल व पुढील वर्षाच्या मागणी नोंदवहीत थकबाकी म्हणून दाखविली जाईल. वेळेवर भरणारा आणि मुदत चुकविणारा यांच्या रकमेत अशा प्रकारे १२० रुपयांचा फरक पडतो.

ही सूट पाणीपट्टी, दिवाबत्ती कर आणि आरोग्य कर यांवर लागू नाही. मागील थकबाकीवरही ती देता येणार नाही. तथापि, ज्यांच्याकडे थकबाकी आहे त्यांनी ती शास्तीसह आणि चालू मागणी अशी दोन्ही रक्कम ३० सप्टेंबरपर्यंत भरल्यास चालू घरपट्टीवरील सूट त्यांनाही मिळेल. अंशतः भरलेली रक्कम प्रथम जुन्या थकबाकीत जमा केली जाईल, हे लक्षात घ्यावे, कारण "यंदाचे पैसे भरले, तरी बाकी कशी?" अशा तक्रारी बहुतेक याच कारणाने येतात.

सोयाबीन घरात येण्यापूर्वी आणि कापसाची पहिली वेचणी होण्याआधी सूटीची मुदत संपते, आणि जून-जुलैमध्ये बियाणे, खत व फवारणीत शेतकऱ्याच्या हातातला पैसा गुंतलेला असतो, याची ग्रामपंचायतीला पूर्ण जाणीव आहे. म्हणून ज्यांना एकरकमी भरणे शक्य नाही त्यांनी आतापासून जमेल तसे, किमान २०० रुपयांच्या हप्त्यांनी भरणा सुरू करावा. प्रत्येक हप्त्याची स्वतंत्र पावती मिळेल आणि ३० सप्टेंबरपर्यंत हप्त्यांची बेरीज पूर्ण झाल्यास शेवटच्या हप्त्यात सूट वजा करून दिली जाईल. ज्यांचे हप्ते त्यानंतर पूर्ण होतील त्यांना सूट मिळणार नाही, पण ३१ मार्चपर्यंत बाकी पूर्ण झाल्यास शास्तीही लागणार नाही.

भरणा कोठे व कसा करावा

कार्यालयात शासकीय सुट्टीचे दिवस वगळून सकाळी १० ते सायंकाळी ५ या वेळेत रोख किंवा धनादेशाने भरणा करता येईल. कार्यालयाच्या दर्शनी भिंतीवर व आपले सरकार सेवा केंद्राच्या खिडकीवर लावलेला क्यूआर कोड स्कॅन करूनही रक्कम भरता येईल. मात्र तसे केल्यावर मालमत्ता क्रमांक व व्यवहार क्रमांक केंद्रचालकाकडे नोंदवून पावती घ्यावी, अन्यथा रक्कम कोणाच्या नावे आली हे शोधण्यात वेळ जातो. दिनांक १५ ते १९ सप्टेंबर २०२५ या पाच दिवसांत सायंकाळी ६ ते ८ या वेळेत हनुमान मंदिराच्या सभामंडपात वसुली शिबिर राहील, जेणेकरून दिवसभर शेतात किंवा मजुरीवर असणाऱ्यांचा रोज बुडणार नाही. पुणे, नागपूर किंवा अन्यत्र राहणाऱ्या घरमालकांच्या वतीने कोणीही नातेवाईक अथवा घरात राहणारा भोगवटादार भरणा करू शकेल.

नमुना १० मधील छापील पावती घेतल्याशिवाय ग्रामपंचायतीच्या कोणत्याही सदस्याच्या किंवा कर्मचाऱ्याच्या हाती पैसे देऊ नयेत. साध्या कागदावर किंवा वहीत लिहून दिलेली पोच ग्राह्य धरली जाणार नाही.

आकारणीबाबत हरकत

घरपट्टीची आकारणी सन २०१५ च्या सुधारित नियमांप्रमाणे भांडवली मूल्यावर होते. त्यात जागेचा वार्षिक मूल्यदर, बांधकामाचे क्षेत्रफळ व प्रकार, घराच्या वयाप्रमाणे घसारा आणि वापराचा भारांक धरला जातो. त्यामुळे मातीच्या भिंतीचे जुने घर आणि स्लॅबचे नवीन घर यांचा कर सारखा येत नाही, तसेच राहत्या घराच्या पुढील खोलीत किराणा दुकान असल्यास तेवढ्या भागाची आकारणी वेगळी होते. मोजमाप चुकले आहे, पाडलेल्या गोठ्याची आकारणी अजून सुरू आहे, मातीच्या घराची नोंद पक्के घर म्हणून झाली आहे किंवा उतारा अद्याप मयत वडिलांच्या नावे आहे, असे ज्यांचे म्हणणे असेल त्यांनी १४ ऑगस्ट २०२५ पर्यंत लेखी अर्ज द्यावा. अर्जदाराच्या समक्ष टेपने फेरमोजणी करून निर्णय लेखी कळविला जाईल आणि तो मान्य नसल्यास पंचायत समितीकडे दाद मागता येईल. हरकत प्रलंबित असली तरी बिलाप्रमाणे भरणा करून सूट घेणे अर्जदाराच्या हिताचे राहील. आकारणी कमी झाल्यास जादा भरलेली रक्कम पुढील मागणीत वळती केली जाईल.

माजी सैनिक व सैनिकांच्या विधवा पत्नींना शासनाने सन २०२० मध्ये लागू केलेल्या योजनेनुसार एका मालमत्तेच्या करात माफी आहे. ज्यांनी अद्याप कागदपत्रे दिलेली नाहीत त्यांनी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या प्रमाणपत्रासह अर्ज करावा. हा त्यांचा हक्क असून त्यासाठी त्यांना दोनदा चकरा माराव्या लागणार नाहीत, याची दक्षता कार्यालय घेईल.

थकबाकीदारांवरील कार्यवाही

सरपंच, उपसरपंच आणि सर्व सदस्य यांनी आपला कर ३१ जुलैपर्यंत भरावयाचा असून त्यांच्या पावत्या १ ऑगस्ट रोजी सूचना फलकावर लावल्या जातील. मागणी केल्यापासून तीन महिन्यांत कर न भरल्यास अधिनियमाच्या कलम १४ अन्वये सदस्यत्वास अनर्हता येते, आणि हा नियम पुढे निवडणूक लढविण्याची इच्छा असणाऱ्यांनाही लागू आहे. थकबाकीदारांची यादी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपुढे ठेवली जाईल. तत्पूर्वी ज्यांची बाकी पूर्ण होईल त्यांची नावे यादीतून वगळली जातील.

ज्यांची थकबाकी दोन वर्षांपेक्षा जुनी आहे आणि जे ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत भरणा किंवा हप्त्यांची सुरुवातही करणार नाहीत, त्यांच्यावर जानेवारीपासून कलम १२९ अन्वये मागणी लेख बजावला जाईल. त्यातील मुदतीत रक्कम न आल्यास जंगम मालमत्तेची जप्ती व विक्री करण्याची तरतूद कायद्यात आहे, आणि तरीही वसुली न झाल्यास बाकी जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्यासाठी प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठविता येते. त्याआधी प्रत्येक थकबाकीदाराला राष्ट्रीय लोक अदालतीत तडजोडीची संधी दिली जाईल. गावातल्या घरातून टीव्ही किंवा दुचाकी उचलून आणण्याची वेळ यावी, असे या कार्यालयातील कोणालाही वाटत नाही. म्हणूनच ही सूचना पाच महिने आधी, पूर्ण तपशिलासह काढली आहे. आजारपण, घरातील कर्त्या माणसाचा मृत्यू किंवा पिकाची नापिकी अशी अडचण असेल तर संबंधितांनी मागणी लेखाची वाट न पाहता सरपंच किंवा ग्रामपंचायत अधिकारी यांना भेटून हप्ते बांधून घ्यावेत.

शाळाप्रवेश, उपचार किंवा शासकीय योजनेसाठी लागणारा कोणताही दाखला थकबाकीच्या कारणाने अडवून ठेवला जाणार नाही. थकबाकी नसल्याचा दाखला मात्र संपूर्ण भरणा झाल्यानंतरच देण्यात येईल.

या सूचनेची दवंडी दिनांक २२ व २३ जुलै रोजी सर्व वॉर्डांत व तांड्यावर देण्यात येईल.

सरपंच                    ग्रामपंचायत अधिकारी
ग्रामपंचायत पिंपळखेडा       ग्रामपंचायत पिंपळखेडा

प्रतिलिपी :
१. गट विकास अधिकारी, पंचायत समिती, दारव्हा, यांना माहितीस्तव सविनय सादर.
२. मुख्याध्यापक, जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, पिंपळखेडा, यांना शाळेच्या फलकावर लावण्याकरिता.
३. सूचना फलक, ग्रामपंचायत कार्यालय, बस थांबा व रास्त भाव दुकान.