माझा ट्रेडिंग प्लॅन: पहिले सहा महिने

खात्यात ५०,००० आहेत. ते घरखर्चातले नाहीत, उसनेही नाहीत. सौदे फक्त डिलिव्हरीचे आणि फक्त खरेदीचे. फ्युचर्स, ऑप्शन्स आणि मार्जिन बंद. रोज भरपूर उलाढाल होणारे २० शेअर्स वॉचलिस्टमध्ये आहेत, त्याबाहेरचा शेअर कोणीही सुचवला तरी घेणार नाही. चार्ट डेली.

एन्ट्री

भाव ५० दिवसांच्या सरासरीच्या वर हवा आणि ती सरासरी चढती हवी. तिथून भाव २० दिवसांच्या सरासरीपर्यंत खाली येण्याची वाट बघायची. मग ज्या दिवशी क्लोजिंग आदल्या दिवशीच्या हायच्या वर होईल, तो सिग्नल. दुसऱ्या दिवशी त्या कॅंडलच्या हायच्या वर खरेदीची ऑर्डर. दिवसभरात लागली नाही तर रद्द. कंपनीचे तिमाही निकाल पाच दिवसांत असतील तर सौदाच नाही, कारण निकालानंतर भाव गॅपने उघडला की स्टॉपलॉस ठरवलेल्या भावाला लागेलच असे नाही.

स्टॉपलॉस आणि क्वांटिटी

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. स्टॉपलॉस घसरणीतल्या तळाच्या किंचित खाली, आणि खरेदी होताच सिस्टीममध्ये टाकायचा. मनात ठेवलेला स्टॉपलॉस ऐन वेळी पाळला जात नाही. एका सौद्यात जास्तीत जास्त १ टक्का, म्हणजे ५०० जोखीम. उदाहरणार्थ, एन्ट्री ४१२, स्टॉपलॉस ३९६: फरक १६. ५०० भागिले १६ म्हणजे ३१ शेअर्स, रक्कम १२,७७२. एका शेअरमध्ये १५,००० च्या वर नाही, मग क्वांटिटी कमी आली तरी चालेल. एका वेळी तीनच सौदे.

स्टॉपलॉस वर सरकवता येईल, खाली कधीच नाही. तोट्यात ॲव्हरेज करायचे नाही.

टार्गेट जोखमीच्या दुप्पट: वरच्या उदाहरणात ४४४. तिथे निम्मे विकायचे, उरलेले २० दिवसांच्या सरासरीखाली क्लोजिंग येईपर्यंत ठेवायचे. दहापैकी चारच सौदे दुप्पट देऊन गेले आणि सहा पूर्ण तोट्यात गेले, तरी हिशेब आठ वजा सहा, म्हणजे दोन पट शिल्लक राहतो. मात्र त्यातून ब्रोकरेज आणि कर जातात, म्हणून सौदे कमीच बरे.

आठवड्यात तीन स्टॉपलॉस लागले तर सोमवारपर्यंत नवी खरेदी नाही. खाते ४५,००० वर आले तर एक महिना फक्त कागदावर सौदे.

शनिवारचा आढावा

सकाळी एक तास. प्रत्येक सौद्याचा चार्ट, एन्ट्रीचे कारण, ठरवलेला आणि प्रत्यक्ष स्टॉपलॉस, जोखमीच्या किती पट मिळाले किंवा गेले, हे वहीत. नफा-तोट्याआधी एकच रकाना बघायचा: नियम पाळला की मोडला. नियम मोडून झालेला नफा लाल शाईने लिहायचा, कारण तीच सवय पुढे मोठा तोटा करते. एकाच आठवड्यात दोनदा नियम मोडला तर पुढच्या आठवड्यात जोखीम २५०.

नियमांत बदल ३० सौदे पूर्ण झाल्यावरच, तोही एका वेळी एकच, तारीख घालून याच कागदावर.