स्टार्टर ओढला, पण मोटर उठेना: हो-नाही तक्ता

कालच्या तासाला आपण रोटेटिंग फील्डपासून निघालो आणि दोषांपाशी येऊन थांबलो. वर्कशॉपमध्ये गाडी उलटी चालते. फील्ड कुणाला दिसत नाही, आधी कानावर येते ती गुणगुण किंवा शांतता. म्हणून हा तक्ता तिथून सुरू होतो. सोपी तपासणी आधी, टर्मिनल बॉक्स उघडणं शेवटी.

मोटर आपल्या लॅबमधलीच: ५ एचपी, ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ, १४४० आरपीएम, ७.५ अँपिअर, डेल्टा, पुढे पंप. डीओएल स्टार्टर, त्याची कॉइल ४१५ व्होल्टची, इनकमिंगच्या आर आणि वाय फेजमध्ये.

जिथे ‘बंद’ लिहिलंय तिथे आयसोलेटर खाली, फ्यूज काढून खिशात, आणि मीटरने शून्य बघितल्याशिवाय हात लावायचा नाही. चालू सर्किटवरची मापं सर शेजारी असतानाच.

१. स्टार्ट दाबल्यावर स्टार्टर खटकन ओढतो का?
हो → ५. नाही → २.

२. इनकमिंगला आर-वाय, वाय-बी, बी-आर तिन्ही ठिकाणी ४१५ च्या आसपास व्होल्ट आहेत का?
हो → ३. नाही → फ्यूज, मग आयसोलेटर, मग मेन. इथेच एक गोष्ट ध्यानात घ्या: आर किंवा वाय गेला तर कॉइलच उपाशी, स्टार्टर गप्प. बी गेला तर स्टार्टर झोकात ओढतो आणि मोटर नुसती गुणगुणते. दोष एकच, लक्षणं दोन.

३. ओव्हरलोड रिले ट्रिप झालाय का?
हो → थंड होऊ द्या, एकदाच रिसेट करा आणि १ पासून पुन्हा. परत ट्रिप झाला तर १०. रिसेट दाबत बसू नका. नाही → ४.

४. स्टार्ट दाबून धरल्यावर कॉइलच्या दोन टोकांवर ४१५ येतात का?
हो → बंद. कॉइलचा रेझिस्टन्स बघा, बहुधा ओपन असेल. नाही → बंद. स्टॉप बटण, ओव्हरलोडचा एनसी कॉन्टॅक्ट, स्टार्ट बटण, याच क्रमाने कंटिन्युइटी. स्टार्ट दाबून बघायचं, बाकीचे दोन न दाबता.

५. बटणावरचं बोट काढल्यावर स्टार्टर सुटतो का?
हो → होल्डिंग कॉन्टॅक्ट. नाही → ६.

६. मोटर फिरते का?
हो → १०. नाही → ७.

७. गुणगुणते का?
हो → लगेच स्टॉप. उभी मोटर सहा-सात पट करंट ओढते. मग ८. नाही → निदान दोन फेज मोटरपर्यंत पोचत नाहीत. बंद करून मेन कॉन्टॅक्ट आणि केबल बघा.

८. बंद. शाफ्ट हाताने मोकळा फिरतो का?
हो → ९. नाही → कपलिंग सोडवून पुन्हा फिरवा. आता मोकळी झाली तर पंप जाम, तरीही अडली तर बेअरिंग.

९. मोटर टर्मिनलवर तिन्ही जोड्यांत ४१५ मिळतात का?
तीन मीटरच्या क्लिपा आधी लावा, मग चार-पाच सेकंदच स्टार्ट. टेस्टरवर विसंबू नका. फेज तुटला तरी वाइंडिंगमधून उलटा सप्लाय येतो आणि टेस्टर तिन्ही टर्मिनलवर पेटतो. मीटर मात्र उभ्या मोटरवर ४१५, २०७, २०७ च्या आसपास दाखवतो. ज्या टर्मिनलशी दोन्ही वेळा अर्धे व्होल्ट आले, तोच फेज तुटलेला. एकाच अक्षावरचं फील्ड नुसतं धडधडतं, फिरत नाही, म्हणून टॉर्क शून्य.
हो → ११. नाही, एक फेज गायब → त्याच्या वाटेवरचा फ्यूज, कॉन्टॅक्ट, लग. नाही, तिन्ही सारखे पण कमी → T ∝ V². ३५० व्होल्टला टॉर्क ७१ टक्क्यांवर येतो; पंप भरलेला असेल तर तेवढ्यात उठेलच असं नाही.

१०. टाँग टेस्टरवर तिन्ही करंट सारखे आहेत का?
नाही, एक शून्य आणि दोन वाढलेले → चालत्या मोटरचा फेज गेलाय. ती फिरत राहते म्हणून फसायला होतं. स्टॉप करा, मग ९. नाही, नुसता फरक → आधी व्होल्टेज सारखं आहे का बघा. सारखं असेल तर ११.
हो, ७.५ च्या वर → व्होल्टेज कमी नसेल तर भार जास्त: ग्लँड घट्ट आहे का, इम्पेलर घासतोय का. हो, ७.५ च्या आत आणि तरी ट्रिप → रिलेचं सेटिंग, मग रिले.

११. बंद. केबल सोडवून, डेल्टाच्या पट्ट्या तशाच ठेवून तिन्ही जोड्यांचे रेझिस्टन्स सारखे आहेत का?
नाही → समजा चांगल्या मोटरवर २, २, २ ओहम येतात. एक वाइंडिंग तुटलं की ३, ३, ६ दिसतील. रिवाइंडिंग. हो → १२.

१२. ५०० व्होल्ट मेगरवर वाइंडिंग ते बॉडी १ मेगओहमच्या वर आहे का?
नाही → ओल असेल. वाळवून पुन्हा माप. तरी चढलं नाही तर रिवाइंडिंग. हो → वाइंडिंगच्या आतला शॉर्ट किंवा रोटर. आता मोटर उघडा.