तुमचं सबस्क्रिप्शन कॅन्सल झालंय, ॲप ५ ऑगस्टपर्यंत चालू राहील

नमस्कार ताई,

तुमचा मेल वाचला. १४ जुलैला कॅन्सल केलं आणि तरी परवा घाटकोपरहून येताना ट्रेनमध्ये गोष्ट लावली तर ती नेहमीसारखी सुरू झाली, म्हणजे कॅन्सल झालंच नाही आणि पुढच्या महिन्यात परत १९९ जाणार, अशी तुम्हाला भीती वाटतेय. आधी तेच सांगते, कॅन्सल झालंय. मी तुमचं खातं उघडून बघितलं, १४ तारखेला रात्री ९:४२ ला नोंद आहे आणि ऑटो रिन्यूअल बंद आहे. ६ ऑगस्टला पैसे कटणार नाहीत.

मग चालू कसं, तर तुम्ही ६ जुलैला जे १९९ भरलेत ते पुढच्या महिन्याचे आगाऊ पैसे होते, ६ जुलै ते ५ ऑगस्ट. झालेल्या वापराचं बिल नव्हतं ते, लाइटचं येतं तसं. लोकलचा महिन्याचा पास कसा, पुढचा काढायचा नाही असं आज ठरवलं तरी हातातला पास त्यावरच्या तारखेपर्यंत चालतोच ना, अगदी तसंच. कॅन्सल बटण पुढचा महिना थांबवतं, भरलेल्या महिन्याला हात लावत नाही. आणि खरं सांगू, आम्ही त्याच क्षणी बंद केलं असतं तर ते चुकीचंच झालं असतं, तुमचे बावीस दिवसांचे पैसे घेऊन काहीच न देण्यासारखं. उलट पुष्कळ जण पैसे भरले की त्याच दिवशी कॅन्सल करून टाकतात, नंतर विसरायला नको म्हणून, आणि महिनाभर निवांत ऐकतात. त्यात काहीच गैर नाही, तुम्हीही ऐका, सासूबाईंची दुपारची कीर्तनंसुद्धा चालू राहू द्या.

माझ्या शब्दावर विसंबू नका, स्वतःही बघून घ्या. ज्या यूपीआय ॲपवरून पैसे भरलेत त्यात ऑटोपेचा भाग असतो, तिथे आमचं मँडेट, म्हणजे दर महिन्याला पैसे आपोआप कापायला तुम्ही दिलेली संमती, रद्द झालेलं दिसेल. दिसलं नाही, अजून ॲक्टिव्ह असेल तर तिथूनच ते रद्द करता येतं, पिन टाकून, आमची परवानगी लागत नाही. शिवाय आरबीआयचा नियम आहे की असे आपोआप जाणारे पैसे कटायच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला कळवायलाच लागतं, तुम्हाला ५ जुलैला तसा मेसेज आला असेल, शोधून बघा. ऑगस्टमध्ये तो यायला नको, आणि चुकून आलाच तर लगेच ह्याच मेलवर स्क्रीनशॉट टाका, पैसे जायची वाट बघू नका. तरीही गेलेच तर पूर्ण १९९ परत करू, ती जबाबदारी आमची.

तुम्ही विचारलंत की उरलेले दिवस नको असतील तर अर्धे पैसे मिळतील का. नाही ताई, मासिक प्लॅनमध्ये दिवसांचा हिशोब करून रिफंड देत नाही, आणि म्हणूनच ते दिवस काढून घेत नाही.

एक मात्र लक्षात ठेवा, घाईत “अकाउंट डिलीट करा” दाबू नका. ते वेगळं आहे, त्याने उरलेले दिवस पण जातात आणि तुमची आवडीची यादी कायमची पुसली जाते, ती मलाही परत आणता येत नाही. ॲप मोबाईलवरून काढून टाकलंत तर मात्र काही बिघडत नाही, परत टाकून त्याच नंबरने लॉगिन केलं की ५ तारखेपर्यंत सगळं तिथेच (हे उलटही खरंय, नुसतं ॲप काढून टाकल्याने कुणाचंच सबस्क्रिप्शन कॅन्सल होत नाही, इथे खूप लोक फसतात).

५ ऑगस्टच्या रात्री १२ नंतर पेड गोष्टींवर कुलूप दिसेल, आणि डाउनलोड करून ठेवलेल्यासुद्धा उघडणार नाहीत. तेव्हा प्रवासात ऐकायला ठेवलेली कादंबरी त्याआधी संपवून घ्या, तुमचे शेवटचे चारच भाग राहिलेत असं दिसतंय. फ्री गोष्टी आणि तुमची यादी तशीच राहील. मधेच मन बदललं तर ५ तारखेच्या आत परत चालू करता येतं, तेव्हा लगेच पैसे जात नाहीत, पुढचे १९९ ६ तारखेलाच कटतील.

मँडेट बघितलंत की ह्याच मेलला उत्तर देऊन सांगाल का, ॲक्टिव्ह दिसत असेल तर मी आजच बँकेच्या बाजूने काय अडकलंय ते तपासायला टाकते.

ग्राहक सेवा, दादर