विषय: खोक्यांच्या बिलातले २,७०० रुपये – उद्या फोनवर बोलूया का?

नमस्कार काका,

या बिलावर आपले चार-चार मेल झाले, तरी मी ५४० खोकी म्हणतोय आणि तुम्ही ६००. लिहून लिहून गुंता वाढतोच आहे. उद्या दुपारी ४ वाजता दहा मिनिटं फोनवर बोलूया का? मीच लावतो. बागेत रेंज नसते, म्हणून घरी थांबेन.

चलन समोर ठेवा. माझ्या प्रतीवर खालच्या कोपऱ्यात तुमच्या टेम्पोवाल्याने निळ्या पेनाने लिहिलंय, '६० भिजलेली, परत', आणि सही केलीय. ४५ रुपयांप्रमाणे वाद तेवढाच. बाकीचे २४,३०० आज पाठवले.

आंबा उतरतोय, पुढची खोकीही तुमच्याकडूनच हवीत. वेळ जमत नसेल तर संध्याकाळी ७ नंतरची सांगा.

आपला,
देवगडचा बागायतदार